लस शरीराला काय शिकवते : टेबल क्रमांक 7 वरचं निवेदन

(तालुका विज्ञान प्रदर्शन, अंबाजोगाई. एका गटात 12 ते 15 जण, वेळ दहा-बारा मिनिटं. टेबलावर : ज्वारीच्या दोन पराती, टोकदार थर्माकोलचा विषाणू, कुलपांची पाटी, रिकाम्या चार बाटल्या, खडूची पूड कालवलेल्या दोन बाटल्या. कंसातलं वाचायचं नाही.)

या, पुढं या. लेकरांना समोर येऊ द्या, उंच माणसं मागं थांबा. आजी, तुम्ही या खुर्चीवर बसा.

सुरुवात आपल्या दंडापासून करू. साठीच्या आसपासच्या किंवा पुढच्या माणसांच्या हातावर एक जुना गोल व्रण असेल. तो देवीच्या लसीचा. 1980 साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, त्यामुळं पुढच्या पिढीला ती लस टोचावीच लागली नाही. तरुणांच्या डाव्या दंडावर छोटा व्रण दिसतो तो बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा.

आता विचार करा. बीसीजीचा डोस असतो 0.05 मिलिलिटर. पाण्याच्या एका थेंबाएवढा. तो थेंब शरीरात केव्हाच जिरून गेला. मग आत उरलं काय? ते या परातीत बघू.

(पहिली परात पुढं सरकवा. एका मुलाला किंवा मुलीला बोलवा.)

ये बाळा. परातीत एक किलो ज्वारी आहे, सुमारे 30,000 दाणे. त्यात एकच दाणा लाल रंगवलेला आहे. तुला तीस सेकंद. बाकीच्यांनी मोठ्यानं मोजायचं. चला, एक, दोन...

(बहुतेक वेळा सापडत नाही. सापडलाच तर कौतुक करा आणि पुढं चला.)

थांब. दमलास ना? तुझ्या शरीरातही हीच शोधाशोध होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये बी पेशी नावाची एक जात असते. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एकाच आकाराच्या खाचा असतात. या कुलपांच्या पाटीसारखं समजा : हजार कुलपं, प्रत्येकाचं भोक वेगळं. हा टोकदार विषाणू आत आला, तर त्याचं टोक ज्या कुलपात बसेल तीच पेशी कामाची, बाकीच्या बघ्या. आणि अशी पेशी लाखात एखादीच.

मोठ्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण परीक्षेतही इथंच चूक होते. जंतू बघून पेशी आपला आकार बनवत नाही. हाडांच्या मगजात पेशी तयार होते तेव्हाच तिचा आकार ठरलेला असतो, तोही सोडत निघाल्यासारखा. जंतू फक्त त्यातली एक निवडतो.

मग ती लाखातली एक जंतूला भेटते कशी? कातडीखाली आणि स्नायूत पहारेकरी पेशी फिरत असतात. त्या जंतूला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे घेऊन जवळच्या गाठीत जातात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, माहीत आहे ना मावशी? तीच ही गाठ. सगळ्या पेशी आळीपाळीनं तिथून जातात, बाजारच्या दिवशी चौकातून जावं तशा. तिथं टी नावाच्या मदतनीस पेशी तो तुकडा आधी तपासतात. त्यांनी होकार दिला तरच बी पेशी जोमानं कामाला लागते. ही दुहेरी तपासणी नसती तर शरीर उठसूट स्वतःवरच उलटलं असतं.

होकार मिळाला की एकीच्या दोन पेशी, दोनच्या चार. बारा वेळा दुप्पट करा, 4,096 होतात. वहीत करून बघा. त्यातल्या काही पेशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवायला बसतात. एकेक पेशी सेकंदाला हजारोंनी सोडते. प्रतिपिंडं विषाणूच्या टोकांना चिकटली की त्याला आपल्या पेशींत शिरता येत नाही.

पण या सगळ्याला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात गोवराचा विषाणू अंगभर पसरून पुरळ उठवतो. बळ शरीराकडं असतं, वेळ नसतो. लस तोच वेळ आधी मिळवून देते.

(दुसरी परात पुढं घ्या. त्याच मुलाला बोलवा.)

आता ही परात. किलोभरच ज्वारी, पण लाल दाणे 400. शोध.

सापडला? एका सेकंदात! लढाई संपली तरी काही पेशी मागं राहतात, त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. या लाल दाण्यांसारख्या, संख्येनं जास्त आणि आधीच घोटून तयार झालेल्या. पुढच्या वेळी खरा जंतू आला की दोन-चार दिवसांत फौज उभी राहते, आणि तिची प्रतिपिंडं पहिल्यापेक्षा घट्ट चिकटतात. लस परातीत हे लाल दाणे वाढवते, आजार न देता. आजींच्या दंडात थेंब उरला नाही, पण दाणे उरले.

(चार बाटल्या दाखवा. लहान मुलं जास्त असतील तर हा भाग एका मिनिटात उरका.)

शिकवण्यासाठी शरीराला दाखवायचं काय, त्यानुसार लशीचे प्रकार पडतात. पहिली बाटली : जिवंत, पण दुबळा केलेला जंतू. गोवर-रुबेला, बीसीजी, पोलिओचे दोन थेंब. दुसरी : मारलेला जंतू, उदाहरणार्थ रेबीज आणि कोव्हॅक्सिन. तिसरी : जंतूचा नुसता एक तुकडा. कावीळ ब ची लस अशी आहे, त्या विषाणूच्या अंगावरचं प्रथिन यीस्टकडून बनवून घेतात. चौथी : जंतू नाहीच, त्याचं विष निकामी करून दिलेलं. धनुर्वात आणि घटसर्प. पुण्यात बनलेली कोविशिल्ड यात कुठंच बसत नाही. तिनं प्रथिनाची फक्त कृती आत नेली आणि आपल्या पेशींनी ते प्रथिन घरीच तयार केलं.

आता जास्त महत्त्वाचं : डोस पुन्हा पुन्हा का? पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट, म्हणजे पेंटा, लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात. पहिल्या डोसनं थोडेच दाणे लाल होतात. दुसरा डोस चार आठवड्यांच्या आत दिला तर गाठीतलं पहिलं काम अजून चालूच असतं आणि डोसचा पूर्ण उपयोग होत नाही. म्हणून चार आठवड्यांचं अंतर हवंच.

गोवराची पहिली सुई मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर. आईची प्रतिपिंडं पोटातच बाळाकडं येतात आणि काही महिने टिकतात. त्याआधी लस दिली तर लशीतल्या दुबळ्या विषाणूला तीच मारून टाकतात आणि बाळाच्या पेशी शिकतच नाहीत. नऊ महिन्यांना दिलेला डोस 100 पैकी साधारण 85 लेकरांना लागू पडतो. उरलेल्यांसाठी 16 ते 24 महिन्यांत दुसरा. "एक झाला की पुरे" असं म्हणून तो सोडू नका.

आपल्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात आणि डोस चुकतात ते तेव्हाच. म्हणून नीट ऐका. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. स्मृतिपेशी उशिरानं विसरत नाहीत. राहिलेल्या डोसपासून पुढं चला. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात आधी ठेवा. कारखान्याच्या जवळच्या कोणत्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस मोफत मिळतो. पण कार्ड नसेल तर कोणता डोस झाला ते सिस्टरला कळत नाही. फोनमध्ये कार्डाचा फोटोही काढून ठेवा.

(खडूच्या दोन बाटल्या हलवून टेबलावर ठेवा. एका बाटलीत पूड बारीक, दुसरीत भरड.)

यात खडू आहे, लस नाही. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो, तेव्हा उन्हाची भीती सगळ्यांनाच असते. बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालेल. रंग सारखा किंवा गडद झाला की टाकून द्यायची. गोठण्याची भीती मात्र कुणी धरत नाही. पेंटा किंवा धनुर्वाताची लस गोठली की तिच्यातलं ॲल्युमिनियमचं क्षार गुठळ्या धरतं. वितळल्यावर ती वरून ठीक वाटते, पण बाटली हलवून ठेवली की या भरड बाटलीसारखा साका झपाट्यानं खाली बसतो. ती लस द्यायची नाही. लसवाहकात बर्फाचे पॅक थोडे घामेजल्यावरच भरतात, ते यासाठीच.

आता प्रश्न विचारा.

(हे तीन प्रश्न बहुतेक गटांत येतात.)

"सुई दिली की लेकरू तापतं, मग फायदा काय?" पहारेकरी पेशी काम सुरू करतात तेव्हा काही रसायनं सोडतात, त्यानं ताप येतो. एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल सिस्टरनं सांगितलं तेवढंच द्या. सुईच्या जागी चोळू नका, हळद-तेल लावू नका. ताप आला नाही तर लस लागली नाही, असंही नाही. सुईनंतर अर्धा तास केंद्रातच बसा, क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते आणि तिचं इंजेक्शन तिथंच तयार असतं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येऊन फुटते, तिला काही लावायचं नाही.

"आमच्या काळी गोवर सगळ्यांनाच यायचा, त्यात काय?" खरं आहे आजी, यायचा. आणि त्यानं किती लेकरं न्यायची, तेही तुम्ही बघितलं असेल. शिवाय गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच मारतो. (लाल दाण्यांवर हात ठेवून मूठभर उचला.) दुसऱ्या आजारांचं शिकलेलं असं पुसून जातं, आणि पुढं महिनोन्‌महिने लेकरू न्यूमोनिया-जुलाबाला बळी पडतं. लशीतला दुबळा विषाणू हे करत नाही. एक रुग्ण, लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना गोवर देऊ शकतो, म्हणून गावातल्या 100 पैकी 95 जण संरक्षित लागतात. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ त्या 95 जणांच्याच आडोशाला असतं.

"कुत्रं चावल्यावर लस घेतात, मग ती आधी कशी शिकवते?" फार चांगला प्रश्न. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडं सावकाश सरकतो, बहुधा काही आठवडे ते महिने. लस त्या वेळेचा फायदा घेते. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ते डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, कारण शरीर शिकेपर्यंतचे दिवस कुणीतरी सांभाळायला हवेत. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चटणी नको, चुना नको. लक्षणं दिसू लागली की बहुतेक कुणी वाचत नाही, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

(गट गेल्यावर : पहिल्या परातीतला लाल दाणा चाळून काढा, तळाशी पुन्हा दडवा, आणि दुसऱ्या परातीतले दाणे तिच्यात मिसळले नाहीत ना ते बघा. पहिल्या परातीत दोन लाल दाणे आले की पुढच्या गटापुढं सगळा प्रयोग फसतो.)