लासलगावच्या बातम्या | 14 जुलै 2025, सोमवार | भाग 195

लासलगाव (ता. निफाड, जि. नाशिक) आणि परिसरातल्या आजच्या बातम्या. रविवारच्या सुट्टीनंतर कांद्याचे लिलाव आज पुन्हा सुरू झाले. एकाच ट्रॉलीतल्या उन्हाळ कांद्याला प्रतवारीनुसार भाव कसा बदलतो, हे शेतकऱ्यांनी माल हातात घेऊन दाखवलं. ते न कापता ठेवलं आहे, जरूर पाहा.

0:00 ठळक बातम्या
0:40 कांदा लिलाव
5:10 विंचूर रस्त्यावर साचलेलं पाणी
6:05 उद्याचा पाणीपुरवठा

दुरुस्ती: भाग 194 मध्ये नळाला पाणी येण्याची वेळ आम्ही चुकीची सांगितली. सकाळी 7 नव्हे, 6. ज्यांचे हंडे रिकामे राहिले, त्यांची मनापासून माफी मागतो.

टॅग: लासलगाव, लासलगावच्या बातम्या, निफाड तालुका, नाशिक जिल्हा, कांदा लिलाव
प्लेलिस्ट: लासलगावच्या बातम्या | जुलै 2025
फाइल: `lasalgaon_2025-07-14_195.mp4`