मासे, कासव आणि आत्याचा मान

दापोली, गुरुवार रात्र

चि. अद्वैत यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मघाशी तुझ्या आईचा फोन आला. कळलं की टाकीतल्या माशांना तू ‘फिश वन’ आणि ‘फिश टू’ म्हणतोस आणि कासवाला ‘टर्टल’. मी चहाचा कप खाली ठेवला. अरे, घरात आत्या जिवंत असताना हा काय प्रकार? बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. तुझ्या बारशाला मी तुझ्या कानात कुर्रर्र केलं खरं, पण नाव तुझ्या आईबाबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी नुसती कुजबुजले. तो हिशेब आता चुकता करायचा आहे. रविवारी सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळी बारसं. आईला म्हणावं, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घाल.

तोवर ही नावं आईकडून वाचून घे. एकच अट आहे. प्रत्येक नाव बाल्कनीत उभं राहून मोठ्याने हाक मारून बघायचं. ‘टर्टल’ म्हणून ओरडलास तर खालचा कुत्रासुद्धा मान वळवणार नाही. ‘ओ चेअरमन, जेवायला या’ असं ओरडून बघ. तुमच्या सोसायटीत निदान चार खिडक्या उघडतील.

आधी दोन गोल्डफिश. एक अख्खा नारिंगी आणि दुसऱ्याच्या पाठीवर काळा डाग, बरोबर? नारिंगी तो ‘पोहे’, डागवाला ‘कांदा’. पोहे पोहे, असं म्हणता येतं. (कळलं नाही तर आजीला विचार. जुन्या मराठीत पोहे म्हणजे पोहतो.) दोघं दिवसभर काचेच्या घरात समोरासमोर येतात, बघतात, काही न बोलता आपापल्या कोपऱ्यात परत जातात. तुझ्या काकाने तीन वर्षं कांदेपोहे केले, ते अगदी असेच. पुढे तिसरा मासा आणलात आणि तो सारखा दगडाखाली दडून बसला, तर तो ‘दडपे’.

पण माझं मन या जोडीपेक्षा दुसऱ्याच जोडीवर आहे. तुझे पणजोबा सराफाच्या पेढीवर हिशेब लिहायचे. तेव्हा सोनं ग्रॅममध्ये नव्हतं. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. गुंज म्हणजे वेलीला येणारं लाल बी, टोकाला काळा ठिपका असलेलं. तुझ्या डागवाल्या माशासारखंच. आणि मासा हे वजन! म्हणजे सोनेरी माशाचं नाव ‘मासा’ ठेवलं तर ते नाव विनोदी की अचूक, हेच कुणाला ठरवता येणार नाही. मोठा तो ‘तोळा’, डागवाला ‘गुंज’ किंवा ‘मासा’. कुणी विचारलं, काय रे, माशांची तब्येत कशी आहे? तर तू गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, ‘तोळामासा.’ नाजूक तब्येतीला मराठीत हाच शब्द आहे, आणि तू ज्या मुठीने खाणं टाकतोस त्यावरून तो लवकरच खरा ठरेल. चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं. नीट सांभाळलास तर गोल्डफिश वीतभर मोठा होतो. तसा झाला तर त्याची बढती: ऐंशी तोळ्यांचा एक ‘शेर’. शेर नावाचा मासा शाळेत सांगून बघ, वर्गात दबदबा वाढेल.

आजीने सुचवलेली नावं मात्र बाद. तिने फोनवर ‘सुरमई’, ‘बांगडा’ आणि ‘पापलेट’ अशी यादी दिली, आणि देताना तिचा आवाज जरा जास्तच मऊ झाला होता. ज्या नावापुढे मनात आपोआप ‘फ्राय’ येतं, ते नाव लेकराला ठेवू नये.

आता छोट्या बरणीतला तो निळा फायटर. त्याला दुकानदाराने एकटा ठेवायला सांगितलं ते बरोबर आहे. दोन नर एका पाण्यात टाकले की कल्ले फुगवून एकमेकांचे पंख फाडतात. आरसा दाखवला तर आरशातल्या स्वतःवरही धावून जातो. जागा दीड वीत, पण हद्दीचा कोण अभिमान! मला तर आमच्या गावच्या बांधावरच्या भांडणांची आठवण झाली. म्हणून पहिलं नाव ‘सातबारा’. दुसरं त्याहून गोड आहे. 2007 साली सरकारने गावोगाव तंटामुक्तीची मोहीम काढली होती. वेशीवर कमानी लागल्या, समित्या झाल्या, काही गावांत समितीत कोण यावरूनच भांडणं झाली. तर या फायटरचं नाव ‘तंटामुक्त’. पाहुण्यांना नाव सांगायचं आणि मग आरसा धरायचा. बाबांना ‘भाऊबंद’ हे नाव आवडलंय, पण त्यावर तुझ्या काकाचं काय म्हणणं पडेल ते मला माहीत आहे. राहू दे.

शेजारच्या ताईने गप्पी मासे देऊ केलेत म्हणे. घे, पण सावध राहून. ते अंडी घालत नाहीत, सरळ पिल्लंच देतात आणि महिन्या-महिन्याने देतात. म्हणून त्यांना अशी नावं हवीत की जी संपत नाहीत. आम्हाला शाळेत अपूर्णांकांचे पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सात मासे सुटले. पाढा म्हणत म्हणत हजेरी घे, तुझं गणितही सुधारेल. किंवा गप्पी म्हटल्यावर सरळ ‘गप्पिष्ट’, ‘थापाड्या’, ‘बाताड्या’, ‘चोंबडी’, ‘टुमणं’, आणि त्यांतल्या सगळ्यात शांत माशाचं नाव ‘गप’. त्याला हाक मारली की घर आपोआप शांत होईल. तुझ्या आईला ही कल्पना फार आवडली.

आता मुख्य उत्सवमूर्ती.

कासवाचं नाव घाईत ठेवायचं नसतं. तुमच्याकडे आलेलं ते परदेशी पाणकासव आहे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. वरच्या मजल्यावरचे काका बदली होऊन गेले आणि जाताना कुंडीसारखं ते तुम्हाला देऊन गेले. अंगावर चांदण्या असलेलं आपल्याकडचं कासव कुणी देऊ केलं, तर हात जोडून नको म्हणायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवता येत नाही. हे लाल पट्टेवालं आलंच आहे तर ते वीस-तीस वर्षं सहज राहील. कंटाळा आला म्हणून मुठेत सोडायचं नाही, तिथल्या आपल्या कासवांच्या पोटावर पाय येतो. त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हेही लिहून ठेव. तर मुद्दा असा की तू पस्तिशीचा होशील, ऑफिसातून थकून येशील, तेव्हाही हे समोर असेल. नाव तेव्हाही लाज न वाटणारं हवं. ‘गोलू’ गेलं.

माझी पहिली सूचना ‘हेल्मेट’. पुण्यात राहून चोवीस तास न काढता हेल्मेट घालणारा तेवढा एकच प्राणी आहे. दुसरी ‘वामकुक्षी’. दुपारी एक ते चार ते टाकीतल्या दगडावर पाय मागे ताणून ऊन खात पडतं, तेव्हा त्याच्या दारावर पाटी लावायची राहिली आहे एवढंच. आमच्याकडच्या एसटीवरूनही नावं निघतात. ‘विनाथांबा’ मला फार मोहात पाडतंय. चार पावलं चालून ते थांबतं, इकडे तिकडे बघतं, पुन्हा चार पावलं. अगदी खेडपर्यंतच्या विनाथांबा गाडीसारखं. ‘वस्तीची गाडी’ त्याहून खरं आहे, कारण रात्री येऊन मुक्काम केला की ते हलतच नाही. तुझ्या बाबांच्या कचेरीला शोभेल असं ‘प्रलंबित’. पुढच्या दोन पायांची नखं लांबलचक असतील तर तो नर, मग ‘नखरे’ हे आडनाव म्हणून लावता येईल: श्री. प्रलंबित नखरे.

पण एक नाव माझ्याकडे फार वर्षांपासून पडून आहे. माझ्या आजोळी विहिरीत कासव होतं. तेव्हा पाणी स्वच्छ राहावं म्हणून कोकणात विहिरीत कासव सोडायचे. मी तुझ्याएवढी असेन. सकाळी रहाटाचा कर्र आवाज झाला की मी कठड्यावर पोटावर पडून खाली बघायची. खाली काळं पाणी, त्यात आभाळाचा रुपयाएवढा तुकडा. बराच वेळ काही नाही. आजी दोन कळशा भरून घरात जाऊन परत यायची, तरी काही नाही. मी हाका मारून दमायची. आणि मग, उठायची वेळ झाली की, त्या रुपयाच्या कडेला अंगठ्याएवढं डोकं वर यायचं. आजी म्हणायची, ‘हा तुझ्या मामासारखा. कधीही विचारा, आलोच म्हणतो.’ तेव्हापासून त्याचं नाव ‘आलोच’.

मामा अजून तसाच आहे. विहिरीला मोटार बसली. नाव मोकळं आहे, ते तुझ्या कासवाला देते. अजून पाच मिनिटांत पोचतो म्हणून सांगणारी सगळी माणसं तुमच्या घरी येतील, तेव्हा त्यांना त्याच्या शेजारी बसवता येईल.

एक अडचण उरते. कुर्रर्र करायचं कुठे? कासवाला बाहेरून दिसणारे कान नसतात. इंग्रजी नावात लाल कान म्हटलंय, पण तो नुसता रंग आहे. खरा कान त्याच्या मागे कातडीखाली असतो. मी त्या लाल पट्ट्याच्या जरा मागे कुजबुजेन. तू ते दोन्ही हातांनी नीट धर, तोंड माझ्याकडे नको. माशांचं सोपं आहे. त्यांना ऐकू येतं, आणि ते तीन सेकंदांत सगळं विसरतात ही थाप आहे. रोज त्याच वेळी काचेशी येऊन नाव घे आणि मग खाणं टाक, थोड्याच दिवसांत तोळा नुसता तुला बघून वर येईल.

पाळण्याखालून-वरून द्यायला कासव पुरे. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’च्या चालीवर मी ‘कुणी आलोच घ्या’ म्हणेन, तेव्हा हसायचं नाही. टाकी पाळण्यात ठेवायची नाही, हे बाबांनाही सांग. त्यांचा तसा विचार दिसतो.

घुगऱ्या आपल्याला. कासवाला त्याचं नेहमीचंच खाणं.

रविवारी स्वारगेटला घ्यायला या. गाडी विनाथांबा आहे, म्हणजे उशीर होईल.

तुझी,
आत्या