अपकृत्य कायदा : निष्काळजीपणा

स्लाइड १ : कर्तव्य
आपल्या कृतीचा फटका ज्याला बसू शकतो हे आधीच दिसते, त्याच्याबाबत काळजी घेणे बंधनकारक. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) मधला हाच ‘शेजारी’. रस्त्यावर वाद क्वचितच. चालकावर इतर वाहनचालकांबाबत व पादचाऱ्यांबाबत हे कर्तव्य असतेच.

स्लाइड २ : भंग
कसोटी : समंजस माणूस इथे कसा वागला असता? नवशिक्या चालकालाही सवलत नाही.
उदाहरण : ताशी ५० किमी वेग, नजर २ सेकंद मोबाइलवर. गाडी सुमारे २८ मीटर न पाहता धावली आणि पुढच्या सायकलस्वाराला धडकली.

स्लाइड ३ : नुकसान
मनगट मोडले, सायकल वाकली, सहा आठवड्यांची मजुरी बुडाली : भरपाई मिळते. गाडी घासून गेली, पण इजा काहीच नाही? मग दावा नाही. दंड होईल, तो वेगळा विषय.
विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे : भंग आणि इजा दाखवतात, दुवा विसरतात. ‘मोबाइल पाहिला नसता, तर धडक टळली असती का?’ सायकलस्वार अचानक चाकाखाली आला असेल, तर उत्तर ‘नाही’ येऊ शकते. सायकलला रात्री दिवा नसेल, तर भरपाई कमी होऊ शकते.