भाड्याची ऑर्डर: मिक्सर, ब्रेकर, व्हायब्रेटर

मुदत: 12 जानेवारी 2026 सकाळी 9 ते 15 जानेवारी संध्याकाळी 6 (4 दिवस)

रोजचं भाडं:
अर्ध्या बॅगचा डिझेल मिक्सर – 1200 रु.
ब्रेकर, 2 छिन्न्यांसह – 700 रु.
व्हायब्रेटर, नीडलसह – 500 रु.

4 दिवसांचं भाडं 9,600 रु. आणि डिपॉझिट 15,000 रु., एकूण 24,600 रु. आगाऊ जमा. डिझेल ग्राहकाचं. मशीन बंद राहिलं तरी भाडं चालू राहील. मशीनमध्येच बिघाड झाल्यास कळवल्यापासून भाडं थांबेल.

उशीर: 16 तारखेला सकाळी 9 पर्यंत सवलत, त्यानंतर न आलेल्या वस्तूचं पूर्ण दिवसाचं भाडं. 18 तारखेपासून दीडपट. अडचण असेल तर आधी फोन करा, पुढचं बुकिंग सांभाळता येतं.

कपात: नीडल फाटल्यास 3,500 रु., हरवलेली छिन्नी प्रत्येकी 450 रु. छिन्नीचं टोक झिजलं तर काही नाही, ते झिजणारच. ड्रममध्ये माल सुकून बसल्यास सफाईचे 800 रु. (रोज काम संपताच पाणी आणि खडी घालून ड्रम फिरवा, हा खर्च येतच नाही.) मोटर जळाल्यास दुरुस्तीचं बिल दाखवूनच कपात.

देताना नोंद: ड्रमला डाव्या बाजूला जुना पोचा, ब्रेकरच्या वायरला प्लगजवळ टेप. यांचे पैसे कापले जाणार नाहीत. दोघांसमोर चालवून पाहिलं, फोटो काढले.

परतीच्या वेळी तपासणी करून उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी. कपात डिपॉझिटपेक्षा जास्त झाल्यास फरक ग्राहकाने भरायचा.