रेझ्युमे: मृणाल दिगंबर शेडगे, फॅशन डिझायनर

अपेक्षित पद: महिलांच्या तयार कपड्यांच्या ब्रँडमध्ये, कंपनीच्या स्वतःच्या डिझाइन विभागात वरिष्ठ डिझायनर
वास्तव्य: कोथरूड, पुणे (मुंबईत स्थलांतर करण्याची तयारी आहे)
अनुभव: ७ वर्षे

थोडक्यात ओळख

माझे बालपण इचलकरंजीत गेले. वडील सायझिंगच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे सुताला कांजी कशी लागते आणि ती कमी-जास्त झाली की मागावर धागा कसा तुटतो, हे मी कपड्यांचे स्केच काढायला शिकण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते. त्यामुळे कपड्याचा विचार मी कापडापासून सुरू करते आणि शेवटचा खोका तपासणीतून पार पडेपर्यंत ते डिझाइन माझ्या जबाबदारीचे आहे असे मानते. एकाच ब्रँडच्या ग्राहकाची मापे, आवड आणि तक्रारी अनेक हंगाम सलग अभ्यासता याव्यात, म्हणून मला कंपनीच्या अंतर्गत विभागातच काम करायचे आहे.

सध्याची नोकरी: डिझायनर, पुण्यातील महिलांच्या कपड्यांचा ब्रँड (ऑगस्ट २०२१ पासून)

*(नोकरी चालू असल्याने कंपनीचे नाव प्रत्यक्ष भेटीत सांगेन.)*

वर्षाला दोन मुख्य आणि एक सणासुदीचे अशी तीन कलेक्शन्स मी हाताळते. प्रत्येकात साधारण २५ ते ३० स्टाइल्स असतात. रंगसंगती आणि प्रिंट ठरवण्यापासून मांजरपाटावर पहिला नमुना बेतून फिटिंग पक्के करण्यापर्यंतचे काम माझ्याकडे असून, हाताखाली एक सहायक डिझायनर आणि दोन नमुना-कारागीर आहेत.

यांपैकी २०२२ च्या सणासुदीच्या खण कलेक्शनचा उल्लेख मला विस्ताराने करावासा वाटतो. गुळेदगुड्डच्या विणकरांकडून घेतलेल्या हातमागाच्या खणाचा पन्हा कमी असल्यामुळे नेहमीच्या कुर्त्याचा बेत त्यावर बसत नव्हता, आणि जोड देऊन काम भागवले असते तर चोळीसाठी विणलेल्या त्या कापडाचा तोल बिघडला असता. म्हणून मी १८ स्टाइल्स पन्ह्याला धरूनच रचल्या: अरुंद कळ्यांचे अंगरखे, काठ घेरावर आणि बाहीच्या कडेला येईल अशी आडवी-उभी मांडणी, आणि मुंढ्याखाली सुती चौकटीची जोड. कापणीत काठ वाया गेला नाही आणि लांब अंगरख्याला लागणारे कापड ३.४० मीटरवरून ३.०५ मीटरवर आले. पहिल्या धुलाईत लाल खणाचा रंग पांढऱ्या अस्तरावर उतरतो हे नमुन्यातच लक्षात आल्यामुळे अस्तर बदलून त्याच रंगाचे घेतले आणि प्रत्येक ठाणाची घासून व धुवून रंगचाचणी सुरू केली.

२०२४ च्या उन्हाळी कलेक्शनसाठी कच्छमधील अजरखपूरहून नैसर्गिक रंगांचे अजरख घेतले. या छपाईत दोन ठाणांच्या निळ्या रंगात फरक पडणे स्वाभाविक आहे आणि त्याला दोष म्हणणे कारागिरावर अन्याय करणारे आहे. मात्र एकाच कुर्त्याची पाठ आणि पुढचा भाग वेगळ्या छटेचे निघाले तर ग्राहक तो परत करणारच. म्हणून मी ठाणांची छटेनुसार विभागणी करून घेतली, एका कपड्याचे सगळे भाग एकाच ठाणातून कापण्याची अट टेक पॅकमध्ये घातली आणि मान्य छटांचे तुकडे कारागिराकडे व कापणी विभागात एकाच वेळी दिले.

मागील नोकरी: सहायक डिझायनर, मुंबईतील निर्यातदार कंपनी (जुलै २०१८ ते जुलै २०२१)

येथे परदेशी खरेदीदारांच्या मागणीनुसार टेक पॅक तयार करणे हे माझे मुख्य काम होते. तीन वर्षांत २०० हून अधिक टेक पॅक मी स्वतः तयार केले. २०१९ साली माझ्याच एका टेक पॅकमध्ये मुंढ्याचे माप वळणावरून घ्यायचे की सरळ रेषेत, हे लिहायचे राहून गेले. मी वळणावरून मोजले होते, कारखान्याने सरळ मोजले, आणि ६०० शर्टांच्या बाह्या उसवून पुन्हा बसवाव्या लागल्या. ती चूक माझी होती. तेव्हापासून माझ्या मापतक्त्यात प्रत्येक माप कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत घ्यायचे याची बाणांसह आकृती असते आणि कारागिराशी बोलून ती त्याला समजली आहे याची मी खात्री करते.

टेक पॅक

माझ्या टेक पॅकमध्ये पुढून-मागून सपाट रेखाचित्रे, सर्व साइझची मापे व चालणारा फरक, शिलाईत सोडायची माया, टिपांचा प्रकार आणि एका इंचातील टाक्यांची संख्या, काज-बटणांच्या जागा, तसेच अस्तर, गोट, लेबल व दोऱ्यासह संपूर्ण साहित्ययादी असते. कापड किती आटते हे धुलाईचाचणीतून काढून ते प्रमाण पॅटर्नमध्ये आधीच मिळवले जाते. फिटिंगच्या प्रत्येक फेरीनंतर बदल तारखेसह नोंदवून जुनी प्रत बाद केली जाते. कारखान्याच्या टेबलावर दोन वेगवेगळ्या प्रती सापडणे हे मी सर्वांत घातक मानते.

कापडखरेदी

इचलकरंजी व भिवंडीचे यंत्रमाग, सुरतेचे पॉलिस्टर, तिरुपूरचे होजिअरी कापड, येवला, महेश्वर आणि गुळेदगुड्ड येथील हातमाग यांच्याशी माझा थेट व्यवहार आहे. नमुन्यासाठी लागणारे थोडे कापड मंगलदास मार्केटमधून घेते, परंतु तोच माल पुन्हा मिळेल याची खात्री नसेल तर त्यावर स्टाइल उभी करत नाही. दर ठरवताना जीएसएम, पन्हा, किमान मागणी आणि सदोष मीटरची भरपाई या चारही बाबी लेखी घेते. आलेल्या मालाची तपासणी फोर-पॉइंट पद्धतीने होते. गुळेदगुड्डच्या विणकरांशी कामापुरते कन्नड बोलता येते, त्यामुळे अडचण त्यांच्याच तोंडून वेळेत कळते.

उत्पादनाचा पाठपुरावा

सध्या पुणे व भिवंडी येथील चार शिलाई युनिट्सचे वेळापत्रक मी सांभाळते. कापणीपूर्वी मंजूर नमुना समोर ठेवून बैठक, ओळीवरून उतरलेल्या पहिल्या ५० नगांची तपासणी आणि शेवटी एक्यूएल २.५ नुसार अंतिम तपासणी, हा क्रम मी मोडू देत नाही. पावसाळ्यात छापील कापड वाळायला वेळ लागतो आणि दिवाळीच्या आधी कारागीर गावी जातात. दरवर्षी येणाऱ्या या गोष्टींना अचानक आलेली अडचण म्हणणे मला पटत नाही, म्हणून सणासुदीच्या मालाचे छपाईकाम मी मे अखेरीस संपवते. गेल्या सहा कलेक्शन्सपैकी पाच ठरलेल्या आठवड्यात दुकानांत पोहोचली आणि एकाला नऊ दिवस उशीर झाला.

शिक्षण व कौशल्ये

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच निफ्ट, खारघर (मुंबई केंद्र) येथून फॅशन डिझाइनची चार वर्षांची पदवी २०१८ मध्ये घेतली. २०१७ च्या उन्हाळ्यात तिरुपूर येथील होजिअरी कारखान्यात आठ आठवडे प्रशिक्षण घेतले. इलस्ट्रेटर, फोटोशॉप, क्लो थ्रीडी आणि एक्सेल यांवर रोज काम करते. हाताने पॅटर्न काढणे व ड्रेपिंग येते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत लेखी व्यवहार करते.

इतर माहिती

सध्याच्या नोकरीत ६० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. प्रत्यक्ष भेटीच्या वेळी पोर्टफोलिओसोबत खण आणि अजरख कलेक्शनमधील प्रत्येकी दोन तयार कपडे व त्यांचे मूळ टेक पॅक घेऊन येईन. त्यांतील खर्चाचे आकडे मात्र सध्याच्या कंपनीच्या गोपनीयतेसाठी झाकलेले असतील. संपर्काचा तपशील सोबतच्या अर्जात दिला आहे.

वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

मृणाल दिगंबर शेडगे
पुणे, १२ जून २०२५