कडू पाहिजे

रात्री दोनाचे एकदम तीन वाजले, त्यामुळे पाडव्याला मनीषा उठली तीच उशिरा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात, आणि २०२५ साली नेमका त्याच रविवारी, ३० मार्चला पाडवा. म्युनिकमध्ये साडेआठ, अमळनेरला दुपारचे बारा. आईंची गुढी केव्हाच उभी होती.

"काडी कसानी शे?" फोनवर पहिला प्रश्न.

"बांबूचीच आहे आई. टमाट्याच्या रोपाला आधार द्यायची."

"बांबू शे ना? मंग चाली."

खणही चालला. तांब्या नव्हता, स्टीलचं फुलपात्र काठीवर डुगडुगत होतं, म्हणून आत धुतलेला रुमाल कोंबला. (मोजा कोंबायची कल्पना सुनीलची. ती आईंपर्यंत पोचू दिली नाही.) आंब्याच्या डहाळीऐवजी अंगणातल्या झुडपाची पिवळी फुलं. बाकी झाडांना अजून पानच नव्हतं.

हारकंगन मात्र मनीषाने जिद्दीने केलं. गावी बाजारात ढिगाने मिळतं, तेव्हा कोणी बघतही नाही. इथे तिने रात्री साखरेचा पाक गोळीबंद होईपर्यंत आटवला, बर्फाच्या रबरी साच्यात दोरा आडवा ठेवून वर ओतला. दोन कप्प्यांत पाक जळका पिवळा झाला, एकात दोरा वरच तरंगला. पण सकाळी साचा उलटा केला तर सगळ्या गाठी दोऱ्याला धरून बाहेर आल्या. ओजसने एक चाटून पाहिली.

"आनि लिंबना पाला?" आईंनी विचारलं.

"नाही मिळाला. कढीपत्ता बांधलाय."

बाकी सगळं सोडून देणाऱ्या आई इथे अडल्या. "दिसाले काहीबी बांध. पन तोंडात कडू पाहिजे."

मग मेथीदाणे भिजत घातले. हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, त्यात मेथी. ओजसने गूळ तेवढा वेचून खाल्ला. आईंनी ते फोनवर पाहिलं आणि त्याला पुन्हा सगळं मिळून चावायला लावलं. त्याचं तोंड वाकडं झाल्यावरच त्यांचं समाधान झालं.

दुपारी साडेतीनला फोन परत वाजला. "दिवे लागनात. गुढी उतारी का?"

बाल्कनीत लख्ख ऊन होतं. सूर्य पावणेआठपर्यंत हलणार नव्हता.

"इथे अजून चार तास आहेत आई."

पलीकडे जरा वेळ काहीच आलं नाही. मग आई तिकडच्या कोणाला तरी सांगताना ऐकू आल्या, "मना पोऱ्यानी गुढी आजून उभी शे!" आवाजात चांगलाच तोरा होता.

"बरं, हार आताच काढू का?" ओजसने विचारलं. "गुढी राहू दे उभी."

"नही!" अमळनेरहून आणि स्वयंपाकघरातून एकदमच आलं.