विषय: व्हॅन्डरमाँडच्या नित्य समानतेच्या सिद्धतेतील काही पायऱ्या पुन्हा समजावून देण्याबाबत विनंती

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मी वैष्णवी कदम, आपल्या बी.एस्सी. द्वितीय वर्षाच्या गणिताच्या वर्गातील विद्यार्थिनी, हजेरी क्रमांक ३४. गेल्या बुधवारी शेवटच्या तासाला आपण व्हॅन्डरमाँडची नित्य समानता द्विपद प्रमेयाच्या आधारे सिद्ध करून दाखवलीत. तास संपला तेव्हा जिंतूरची एसटी सुटण्याची वेळ झाली होती, त्यामुळे त्याच वेळी थांबून शंका विचारता आली नाही. घरी आल्यापासून मी ती सिद्धता वही न पाहता तीनदा लिहून पाहिली आणि तिन्ही वेळा जवळपास त्याच ठिकाणी थांबले. सिद्धतेत कुठे चूक आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. लहान आकडे घालून मी प्रत्येक ओळ तपासली आहे आणि उत्तर दर वेळी जुळते. परंतु एका ओळीवरून पुढच्या ओळीवर आपण कशाच्या आधारे जातो, हे मला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही तोवर सिद्धता मला समजली असे म्हणणे योग्य होणार नाही. म्हणून हा मेल लिहीत आहे.

आपण फळ्यावर मांडलेले विधान माझ्या वहीत असे आहे:

```
C(m,0)C(n,r) + C(m,1)C(n,r-1) + ... + C(m,r)C(n,0) = C(m+n,r)
```

आणि सिद्धतेच्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत:

```
(1+x)^m (1+x)^n = (1+x)^(m+n)
[Σ C(m,k) x^k] [Σ C(n,k) x^k] = Σ C(m+n,r) x^r
```

यानंतरची ओळ थेट "दोन्ही बाजूंच्या x^r चे सहगुणक समान मानून" अशी आहे आणि त्याखाली विधान सिद्ध झाल्याची खूण आहे. माझी मुख्य अडचण या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये आहे.

दुसऱ्या ओळीत दोन्ही बेरजांमध्ये k हेच अक्षर आल्यामुळे मी पहिल्या प्रयत्नात समोरासमोरची पदे एकमेकांशी गुणली, म्हणजे k = 0 चे पद k = 0 च्या पदाशी, k = 1 चे k = 1 च्या पदाशी, आणि तेवढ्यावरच थांबले. m = n = 2 घेतल्यावर मला 1 + 4x^2 + x^4 मिळाले, तर (1+x)^4 चा विस्तार 1 + 4x + 6x^2 + 4x^3 + x^4 असा आहे. म्हणजे माझा गुणाकार चुकला हे उघड होते. मात्र मला खरा गोंधळ पुढे झाला. माझ्या चुकीच्या विस्तारातील सहगुणकांची बेरीज 1 + 4 + 1, म्हणजे 6 येते, आणि C(4,2) ची किंमतही 6 च आहे. योगायोग असेल असे समजून मी m = 2 आणि n = 3 घेऊन पाहिले, तेव्हा समोरासमोरच्या गुणाकारांची बेरीज 1·1 + 2·3 + 1·3, म्हणजे 10 आली, आणि (1+x)^5 मध्ये x^2 चा सहगुणकही 10 आहे. चुकीच्या पद्धतीने केलेले गणित बरोबर आकडा का देते, हे दोन दिवस मला उलगडत नव्हते.

शेवटी मी दुसऱ्या बेरजेतील अक्षर बदलले. पहिल्या बेरजेसाठी i आणि दुसऱ्या बेरजेसाठी j घेऊन सगळी पदे चौकटीत मांडली. m = n = 2 साठी ती चौकट अशी होते:

```
        j=0  j=1  j=2
i=0      1    2    1
i=1      2    4    2
i=2      1    2    1
```

या चौकटीत x चा घातांक i + j आहे, म्हणून एकाच घातांकाची पदे उजवीकडून डावीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेषेवर येतात. त्या रेषांची बेरीज केली की क्रमाने 1, 4, 6, 4, 1 मिळतात, आणि आपण मागे मेरुप्रस्तार शिकवताना दाखवलेली ओळ जशीच्या तशी समोर येते. हे पाहिल्यावर मला फार बरे वाटले. माझी चुकीची पदे डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कर्णावरची होती, खरी पदे दुसऱ्या कर्णावरची आहेत, आणि C(2,k) = C(2,2-k) असल्यामुळे दोन्ही कर्णांवर तेच आकडे पडतात, असा मी अर्थ लावला आहे. हा अर्थ बरोबर असेल, तर आपण तासाच्या शेवटी सांगितलेले C(n,k) च्या वर्गांच्या बेरजेचे विशेष सूत्रही याच सममितीतून येते, x = 1 घालून नव्हे, असे मी धरून चालू का? मी आधी ते x = 1 घालूनच मिळवण्याचा प्रयत्न केला होता आणि n = 2 साठी डावीकडे 6, उजवीकडे 16 अशा विसंगतीत अडकले होते.

आपणास विनंती अशी की, r सर्वसाधारण ठेवून ही चौकट एकदा फळ्यावर मांडून दाखवावी आणि i + j = r या रेषेवरून j = r - i कसे आले व दोन बेरजांची एक बेरीज कशी झाली, ती मधली ओळ पूर्ण लिहून द्यावी. मला आकड्यांत ते दिसते, पण अक्षरांत लिहिताना दोन बेरीज चिन्हांपैकी एक कधी आणि का नाहीसे होते, ते माझ्या हातून नीट लिहिले जात नाही.

दुसरी अडचण बेरजेच्या मर्यादांची आहे. विधानात बेरीज 0 पासून r पर्यंत जाते. m = 2, n = 3 आणि r = 4 घेतले, तर शेवटचे पद C(2,4)C(3,0) असे येते. दोन वस्तूंमधून चार कशा निवडणार? क्रमगुणिताच्या सूत्रात किमती घातल्या तर छेदात (-2)! येते, ज्याला आपण अर्थ दिलेला नाही. अशी पदे शून्य धरली तर बेरीज 0 + 2 + 3 + 0 + 0, म्हणजे 5 येते आणि C(5,4) शी बरोबर जुळते. तेव्हा ती शून्य धरायची असणार हे मी ओळखले. प्रश्न एवढाच आहे की, हा केवळ सोयीसाठी केलेला संकेत आहे की निवडींची संख्या या व्याख्येतूनच तो येतो, आणि परीक्षेत सिद्धता लिहिताना तो सुरुवातीलाच स्पष्ट लिहावा लागेल का?

तिसरी शंका सहगुणक समान मानण्याबद्दलची आहे. ती विचारण्यासारखी आहे की नाही याविषयी मी साशंक होते, कारण हे वाक्य आपण अकरावीपासून वापरत आलो आहोत. पण x = 1 घालून झालेल्या गोंधळानंतर मला जाणवले की, दोन बहुपदींची किंमत एखाद्या ठिकाणी समान असणे आणि त्यांचे सहगुणक समान असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माझी समजूत अशी आहे की, दोन्ही बाजू x च्या प्रत्येक किमतीसाठी समान असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीच्या बहुपदीला अनंत मुळे असतील, आणि d कोटीच्या शून्येतर बहुपदीला d पेक्षा अधिक मुळे असू शकत नाहीत, म्हणून ती वजाबाकी शून्य बहुपदीच असली पाहिजे. हेच कारण असेल तर कृपया तसे कळवावे. यापेक्षा साधे कारण असेल तर तेही समजून घ्यायला मला आवडेल.

आपण तासाच्या अखेरच्या काही मिनिटांत निवडीच्या आधारे दुसरी सिद्धताही तोंडी सांगितली होती. ती मला पहिलीपेक्षा लवकर पटली. आमच्या एसटीने रोज येणाऱ्या मुलींचेच उदाहरण घेऊन मी ती तपासली. जिंतूरच्या पाच आणि बोरीच्या चार अशा नऊ जणींमधून पासाचा अर्ज घेऊन आगारात जाण्यासाठी तिघींना निवडायचे असेल, तर C(9,3), म्हणजे ८४ प्रकारे निवडता येते. जिंतूरच्या किती जणी घेतल्या त्यानुसार वेगळे मोजले, तर एकही नाही, एक, दोन आणि तीन यांसाठी क्रमाने ४, ३०, ४० आणि १० प्रकार मिळतात, आणि त्यांची बेरीजही ८४ च होते. मला येथे असे वाटू लागले आहे की, x^r मधला घातांक म्हणजे एकूण किती जणी निवडल्या याची नोंद असावी आणि चौकटीतील प्रत्येक घर म्हणजे "जिंतूरच्या i, बोरीच्या j" ही एक वाटणी असावी. असे असेल तर या दोन वेगळ्या सिद्धता नसून एकच विचार दोन भाषांत लिहिलेला आहे. हे मी माझ्या समाधानासाठी जुळवले आहे की खरोखरच तसे आहे, हे आपल्याकडून ऐकण्याची माझी फार इच्छा आहे. तसेच निवडीची सिद्धता उत्तरपत्रिकेत पूर्ण सिद्धता म्हणून लिहिली तर चालेल का, हेही कृपया सांगावे.

आपल्या सोयीने येत्या बुधवारी तासापूर्वी दहा-पंधरा मिनिटे मिळाली, तर मी साडेदहाच्या एसटीऐवजी सकाळच्या एसटीने निघून दहाच्या आत विभागात येऊ शकेन. वर्गातील आणखी दोन मैत्रिणींना मर्यादांविषयी हीच शंका आहे, आपली हरकत नसेल तर त्याही सोबत येतील. वेळ देणे शक्य नसल्यास फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीमधली पायरी लिहून पाठवलीत तरी पुढचे मी स्वतः करून पाहीन व आपल्याला दाखवेन. वहीतील पानाचा आणि माझ्या चौकटीचा फोटो सोबत जोडला आहे. चुकीचा गुणाकारही खोडून न टाकता तसाच ठेवला आहे, म्हणजे मी कुठे घसरले ते आपल्याला लगेच दिसेल.

मेल लांबल्याबद्दल क्षमस्व. आपल्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार.

आपली विद्यार्थिनी,
वैष्णवी कदम
बी.एस्सी. द्वितीय वर्ष, परभणी